सहाव्या लेनचे साडेबावीस फूट

मिस आयोनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी सकाळ शेजारी तिच्या घरात सुरू व्हायची. आधी मक्याच्या पिठाची पेज चुलीवर, मग तिच्या डाव्या डोळ्यात दोन थेंब, मग दहा मिनिटं तिला डोळा मिटून गप्प बसवणं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड. त्या दिवशीही ती मान मागे टाकून बसली होती, आणि बंद डोळ्यांनीच मला सांगत होती, "व्हर्ना, पेज तळाला लागतेय. मला ऐकू येतंय."

"पेज लागल्याचं ऐकू येतं का कुणाला?"

"येतं. तुझ्या नवऱ्याला विचार, पंचवीस वर्षं ऐकतोय."

बाहेर धुकं इतकं खाली आलं होतं की अंगणातलं मसाल्याच्या पिमेंटोचं झाड नुसतं वासावरून ओळखावं. जानेवारीच्या शेवटी आमच्या डोंगरात असंच असतं. तांबडी माती ओली होते, घरं एकमेकांना दिसेनाशी होतात आणि माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. तेवढ्यात फाटकाच्या पत्र्यावर कुणीतरी दगडानं टक् टक् केलं आणि हाक आली, "कुत्रं धरा!"

मिस आयोनीचं कुत्रं मरून दोन वर्षं झाली होती. पण आमच्याकडे फाटकाशी आलेल्या माणसानं असं ओरडायचंच असतं. न ओरडता आत येणारा एक तर चोर, नाही तर जावई.

"कुत्रं स्वर्गात आहे, या आत!" मी ओरडले.

आले ते ब्लॅग्रोव्ह मास्तर. शाळेत खेळ शिकवायला येऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. बुटांना माती, काखेत फाइल, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा. ओट्यावरच उभं राहून म्हणाले, "मिस आयोनी, एक सही हवी होती. तेवढीच."

"बसा मास्तर. पेज घ्या. सही पेजेनंतर."

कागद दरवर्षीचाच होता. शाळेच्या क्रीडादिनात ज्यांची वेळ चांगली लागते, त्यांची नावं परिसाच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, संघासाठी पाठवतात. त्यासोबत एक दाखला जोडावा लागतो, की हा ट्रॅक मापानं बरोबर आहे. त्या दाखल्यावर सत्तावीस वर्षं एकच सही होती: आयोनी फेसी. कारण ट्रॅकच्या रेघा तीच मारायची. यंदा डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, म्हणून पहिल्यांदाच रेघा दुसऱ्यानं, म्हणजे मास्तरांनी, मारल्या होत्या. क्रीडादिन मागच्या शुक्रवारी झाला. मिस आयोनी गेली नव्हती. पांढऱ्या चुन्यावर ऊन पडलं की तिच्या डोळ्यात सुया टोचायच्या.

"नेकेशाचं नाव पाठवायचंय," मास्तर म्हणाले. "मुलींची चारशे मीटर. एकोणसाठ पूर्णांक एक! साठच्या आत असेल तरच परिस घेतं. आणि मिस आयोनी, शाळेचा विक्रम..." इथे ते थांबले. आपण कुणाच्या घरात बसलोय हे त्यांना बहुधा तेव्हाच आठवलं.

शाळेचा विक्रम एकोणसाठ पूर्णांक आठचा होता. एकोणीस वर्षांपूर्वीचा. तो होता लॉर्ना फेसीचा, मिस आयोनीच्या एकुलत्या एका मुलीचा.

मिस आयोनीनं डोळा उघडला. "चांगलं झालं," ती म्हणाली. "कितव्या लेनमधून पळाली?"

"सहाव्या. सगळ्यात बाहेरच्या."

"हं. पण रस्त्याकडच्या बाजूला त्यांनी नवा नाला खणला ना? त्यात मैदानाची कड गेली म्हणतात. मग सहा लेन बसल्या कशा?"

मास्तर हसले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते थांबलेच होते जणू. "चार-साडेचार फूट जागा गेली. पण मी सहाही लेन बसवल्या. आतली रेघ तुमच्याच मापावर मारली, ती बदलली नाही. फक्त लेन थोड्या अरुंद केल्या. तुमच्या चार फुटी होत्या, मी एक मीटरच्या केल्या, म्हणजे सव्वातीन फूट आणि थोडं. पळायला तेवढी पुरते."

"पुरते," ती म्हणाली. "आणि सुरुवातीच्या रेघा? बाहेरच्या मुलींना पुढे उभं करायचं ते अंतर?"

"ते पुस्तकातूनच घेतलं. छापील तक्ता आहे. सहाव्या लेनला अडतीस मीटर तेहतीस."

चमचा पेजेत तसाच राहिला. मिस आयोनी खिडकीबाहेर, जिथे धुक्याशिवाय काही नव्हतं तिथे, बघत बसली. मग म्हणाली, "कागद ठेवून जा मास्तर. मला अजून बारीक अक्षर दिसत नाही. उद्या नाही तर परवा बघते."

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचायला हवा."

"आज मंगळवार," ती म्हणाली.

*

मिस आयोनी (आमच्याकडे मोठ्या बाईला मिसच म्हणतात) काही धावपटू नव्हे. ती शिवणकाम करणारी बाई. गावातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळे चर्चचे झगे तिच्या हातचे. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी चर्चच्या फरशीवर ती गोल घेराचा स्कर्ट बेतत होती: मधे खिळा, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू, आणि गरकन वळून एक गोल. तेव्हाचे हेडमास्तर दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या मैदानावरची वळणं दरवर्षी बटाट्यासारखी यायची. त्यांनी विचारलं, "बाई, हा खिळा थोडा मोठा आणि सुतळी शंभर-सव्वाशे फुटांची केली, तर जमेल?"

जमलं. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीत ती गवतात दोन खुंट्या ठोकायची, एकेका वळणाच्या मध्यावर एकेक, आणि गाठी मारलेली सुतळी घेऊन फिरायची. मागे कुणीतरी डब्यातून फक्की सोडत यायचं. पहाटेच्या धुक्यात ती वळणावरून चालत नाहीशी व्हायची आणि दुसऱ्या टोकानं हळूहळू पुन्हा उमटायची. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ते पाहिलं, आणि बराच वेळ मला वाटत होतं, की ही बाई रेघ मारत नाहीये. रेघ आधीपासूनच गवतात आहे, ही फक्त ती उघडी करत चाललीय.

शर्यतीच्या दिवशी ती फेऱ्या मोजायची. चारशेचा ट्रॅक, म्हणजे आठशेला दोन फेऱ्या, पंधराशेला पावणेचार, तीन हजाराला साडेसात. पाऊण आणि अर्ध्या फेरीमुळे सुरुवात एकीकडे आणि शेवट भलतीकडे, आणि दरवर्षी कुणीतरी म्हातारा ओरडायचाच, "अरे, त्या पंधराशेवाल्यांना तिकडे लांब का उभं केलंय? रुसलेत का?" मिस आयोनीच्या कमरेला कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे, पहिला धावणारा समोरून गेला की एक चिमटा निघायचा. एका वर्षी ती मधेच कुणाशी तरी बोलली आणि एक चिमटा राहिला. बिचारे तीन हजारवाले साडेआठ फेऱ्या पळाले. पोरं हसली, विसरली. ती विसरली नाही. त्या पोरांच्या घरी जाऊन एकेकाची माफी मागून आली होती.

आणि लॉर्ना. लॉर्ना इंग्लंडला नर्स म्हणून गेली, ती गेलीच. पहिली काही वर्षं पत्रं आली, मग नाताळचं कार्ड, मग तेही नाही. भांडण झालं होतं की नुसतं अंतर पडलं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. गावातही तिचं नाव कुणी काढत नाही. काढलं तर मिस आयोनीच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. फक्त वर्षातून एकदा, क्रीडादिनाला, मुलींच्या चारशेच्या आधी माइकवरून सांगतात: "या शर्यतीचा शाळेचा विक्रम, लॉर्ना फेसी, एकोणसाठ पूर्णांक आठ." तेवढं नाव मैदानावरून जातं, समोरच्या टेकडीला लागून परत येतं, आणि संपतं. त्या वेळी मिस आयोनी हातातलं काम थांबवायची.

यंदा ते नाव शेवटचं पुकारलं गेलं होतं, आणि ते ऐकायला ती तिथे नव्हती.

*

बुधवारी उजाडता उजाडता ती माझ्या दारात. डोक्यावर हॅट, डोळ्यावर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा, हातात मास्तरांची लांब मापाची फीत. ती कधी मागून आणली देव जाणे.

"मला वाकता येत नाही," ती म्हणाली. "तू वाक."

मैदानावर आम्ही दोघीच. गवतावर दव, आणि दवात मास्तरांच्या पांढऱ्या रेघा, अजून ताज्या. रेघा सुंदर होत्या हे मान्य करायला हवं. मिस आयोनी थोडा वेळ नुसती बघत राहिली. सात पांढऱ्या रेघा एकमेकींना न शिवता धुक्यात वळत गेलेल्या. त्या कुठे संपतात ते दिसत नव्हतं.

"सहाव्या लेनच्या सुरुवातीपासून," ती म्हणाली. "तिच्या आतल्या रेघेपासून वीतभर बाहेर फीत धर. रेघेवर पाय देऊन कुणी पळत नाही, वीतभर सोडूनच पळतात. पळणारीचा पाय जिथे पडेल तिथून मोजायचं."

मी गुडघ्यांवर सरकत राहिले. फीत ताणायची, खूण करायची, पुन्हा ताणायची. ती माझ्या बाजूनं चालत आकडे मोठ्यानं म्हणत होती. वळण, मग पलीकडची सरळ बाजू, मग दुसरं वळण. माझा परकर भिजून चिखल झाला, पण सांगते, ते वाईट वाटत नव्हतं. धुक्यात एखाद्या मोठ्या झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून बोट फिरवावं तसं वाटत होतं.

शेवटच्या रेघेशी फीत टेकली तेव्हा तिनं मला आकडा दोनदा वाचायला लावला. तीनशे त्र्याण्णव मीटर आणि वर चार बोटं.

"चारशेला सात कमी," मी म्हटलं.

"साडेबावीस फूट," ती म्हणाली. "मला काल पेज खातानाच कळलं होतं. पण पेज खाताना कळलेल्यावर सही अडवू नये."

आम्ही मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसलो. मी मनाशी हिशेब केला. साठ सेकंदांत चारशे पळणारी मुलगी सात मीटरला एक सेकंद घेते. म्हणजे नेकेशाची खरी वेळ साठ पूर्णांक एक. परिसाला हवी साठच्या आत. लॉर्नाची एकोणसाठ आठ. पोरगी दोन्हींच्या बाहेर राहिली होती.

"तुम्ही सही नाही केली," मी हळूच म्हटलं, "तर लोक काय म्हणतील माहितीय ना?"

"माहितीय."

"आणि केली, तर कुणालाही कळणार नाही. मास्तरांना नाही, परिसाला नाही."

"तेही माहितीय." तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "म्हणून तर रात्रभर जागी होते व्हर्ना. सही करावी असं सारखं वाटत होतं. लोकांनी म्हणू नये, की आयोनीनं मुलीचं नाव राखायला दुसऱ्याच्या लेकीचे पाय ओढले. तेवढ्यासाठी खोटी सही करणार होते मी. बघ आता."

धुकं हळूहळू वर चाललं होतं. आधी शाळेच्या पायऱ्या दिसल्या, मग खिडक्या, मग छप्पर.

"पहिल्या लेनमध्ये कोण होती?" तिनं विचारलं.

"जॅनेल. पाचवी आली."

"ती एकटीच पुरे चारशे पळाली," मिस आयोनी म्हणाली आणि उठली.

*

नेकेशा तिच्या आजीकडे राहते, मिस मर्टलकडे, बेकरीच्या वरच्या वाटेला. मास्तरांना आम्ही वाटेतच गाठलं आणि सोबत घेतलं. ओट्यावर मिस मर्टल भाज्या चिरत होती. मागे दोरीवर नेकेशाचा पळायचा गणवेश वाळत होता.

मिस आयोनीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मर्टल, ट्रॅक चुकलाय. पोरगी साडेबावीस फूट कमी पळालीय. मी सही करू शकत नाही."

मिस मर्टलनं सुरी खाली ठेवली. "वा! एकोणीस वर्षं ट्रॅक बरोबर होता. तुझ्या पोरीचं नाव पुसायची वेळ आली, आणि लगेच चुकला?"

"मर्टल..."

"मर्टल काय? तुझी लेक परत येत नाही म्हणून माझ्या नातीनं गावाबाहेर जाऊ नये? आणि डोळा तर तुझा एकच धड! त्या एका डोळ्यानं बरं नेमकं माझ्याच पोरीचं माप दिसलं!"

"माप मी घेतलं," मी मधे पडले. "माझे दोन्ही धड आहेत."

"तू गप्प बस व्हर्ना, तू तिची शेपूट!"

मास्तरांचा चेहरा उतरला होता. "पण मिस आयोनी, मी तक्त्यावरूनच... पुस्तक चुकीचं कसं असेल?"

"पुस्तक बरोबर आहे मास्तर. पुस्तक चार फुटी लेनचं आहे."

दारात नेकेशा येऊन उभी होती, अंगावर शाळेचे कपडे, केस अर्धे विंचरलेले. तिनंच विचारलं, शांतपणे, "मला कळलं नाही, मिस आयोनी. बाहेरच्यांना पुढे उभं करतातच ना? दर वर्षी करतात."

"करतात. पण किती पुढे, ते बघ." मिस आयोनीनं इकडे-तिकडे पाहिलं आणि दोरीवरचा मिस मर्टलचा चर्चला जायचा घेरदार स्कर्ट ओढून काढला.

"अगं, तो ओला आहे!"

"मीच शिवलाय, मला माहितीय काय सोसेल तो." तिनं तो ओट्याच्या फरशीवर पसरला. पुरा गोल झाला, मधे कमरेचं भोक. "ही कमर म्हणजे तुझी पहिली लेन. ही खालची कड म्हणजे सहावी. कमरेवरून एक मुंगी सोडली आणि कडेवरून एक, दोघींनी एकेक फेरी मारली, तर कोण जास्त चाललं?"

"कडेवरची."

"म्हणून तिला पुढून सोडायचं, म्हणजे दोघी सारख्याच चालतील. आता किती पुढून? स्कर्ट एक इंच लांब केला की घेर सव्वासहा इंच वाढतो. कमर चोवीस असो नाही तर तुझ्या आजीची असो."

नेकेशाला हसू आलं. मिस मर्टलला नाही.

"कमरेचा काही संबंध नाही?" मास्तर पुटपुटले.

"काहीच नाही. कमर केवढी ते विचारायचं नाही, लांबी किती वाढवली ते विचारायचं. ट्रॅकचं तसंच. सरळ बाजूंना आतली-बाहेरची सारखीच; दोन वळणं जोडली की एक पुरा गोल, हा असा. लेन चार फूट रुंद, तर प्रत्येक लेनला पंचवीस फूट पुढे. लेन सव्वातीन फुटांची केली, तर साडेवीसच. तुम्ही लांबी कमी केलीत मास्तर, आणि घेर जुनाच ठेवलात. प्रत्येक लेनला साडेचार फूट जास्त. सहावीपर्यंत पाच वेळा."

मास्तर फरशीवर उकिडवे बसले होते, एक बोट स्कर्टच्या कडेवरून फिरवत. बोट गोल फिरून परत आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "माझी चूक," ते म्हणाले. "सगळी माझी."

खाली बेकरीतून पाव भाजल्याचा वास येत होता.

"म्हणजे मी जिंकले नाही," नेकेशा म्हणाली.

"तू काय केलंस ते आपल्याला माहीतच नाही," मिस आयोनी म्हणाली. "मास्तर, दोन शिक्षक आणि तीन घड्याळं असली तर परिस चाचणी मान्य करतं ना?"

"करतं. पण शुक्रवार संध्याकाळच्या आत."

"मग शुक्रवारी सहाही जणी पुन्हा पळतील. ज्या त्या आपल्या लेनमध्ये. सुरुवातीच्या रेघा मी मारते. पळायचं की नाही ते मात्र हिनं सांगायचं. आणि मर्टल, तुला जे वाटतंय ते वाटू दे. मलाही रात्रभर तेच वाटत होतं."

मिस मर्टलनं ओला स्कर्ट उचलून झटकला. "माती लागली," ती म्हणाली. "धुवून देशील."

"देईन."

नेकेशानं केसांतली फणी काढली. "मी पळते," ती म्हणाली. "पण मला सहावीच द्या. बाहेरून कुणी दिसत नाही, ते मला आवडतं. सगळं वळण मी एकटीच असते. वाटतं, कुणीच नाहीये, मी झोपेत पळतेय. मग शेवटच्या सरळ बाजूला एकदम सगळ्या बाजूला येतात."

मिस आयोनीनं तिच्याकडे असं पाहिलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

*

गुरुवारी आम्ही जुन्या रेघा गवतातून घासून काढल्या आणि नव्या मारल्या. दुसरीची साडेवीस फुटांवर, तिसरीची एकेचाळीसवर, अशी एकेक मागे सरकत गेली. सहावीची रेघ जुन्या जागेपासून इतकी मागे आली, की मास्तर दोन्ही जागांच्या मधे आडवे झोपून बघायला लागले, आणि हात वर करूनही पुरले नाहीत. मिस आयोनी उभी राहून सुतळी धरत होती, मी फक्की सोडत होते. शेवटी तिनं मास्तरांना सगळ्या लेन पुन्हा मोजायला लावल्या, वीतभर सोडून. सहाही चारशे निघाल्या.

शुक्रवारी दुपारी धुकं नव्हतं, पण ऊनही नव्हतं. सगळं कसं दुधात बुडवल्यासारखं. निम्मा गाव आला होता. लोकांना बातमी अर्धीच कळलेली. मागून एक जण म्हणाला, "म्हातारीनं पोरीला खेचून मागे आणलंय बघ," आणि दुसरा म्हणाला, "अजूनही पुढेच उभी आहे की सगळ्यांच्या! हा काय न्याय?" मिस आयोनीनं मान वळवली नाही. ती शेवटच्या रेघेजवळ, घड्याळवाल्यांच्या मागे, खुर्चीवर बसली होती, काळा चष्मा लावून.

माइकवरच्या मुलीनं सवयीनं कागद वाचला. "या शर्यतीचा शाळेचा विक्रम, लॉर्ना फेसी, एकोणसाठ पूर्णांक आठ." नाव टेकडीपर्यंत गेलं आणि परत आलं. मिस आयोनीनं मांडीवरचे हात एकमेकांत घातले.

बंदूक वाजली.

दुरून बघताना त्या सहा जणी शर्यत लावत आहेत असं वाटतच नव्हतं. एक इथे, एक तिथे, जणू ज्या त्या आपापल्या घरी निघाल्यात. नेकेशा सगळ्यांच्या पुढे, एकटी, पाय गवताला लागतात की नाही असे. पलीकडच्या सरळ बाजूला ती एवढीशी दिसत होती. आवाज नाही, काही नाही. दुसऱ्या वळणात अंतरं हळूहळू विरघळायला लागली. बाहेरच्या मागे येत गेल्या, आतल्या पुढे, न ढकलता, न धक्का लागता. आणि सरळ बाजू सुरू झाली तसा तो पसारा एकाएकी एका रांगेत आला, आणि सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं की कोण कुठे आहे. पुढे दोघी होत्या. सहाव्या लेनमध्ये नेकेशा आणि पहिल्या लेनमध्ये जॅनेल, खांद्याला खांदा, मधे चार लेनचं अंतर.

मिस मर्टल उभी राहून नुसती "जा, जा, जा" म्हणत होती. कुणाला, ते तिलाही माहीत नसावं.

नेकेशा छातीभर पुढे होती. रेघ ओलांडून ती गवतावर पडली ती उताणीच, डोळे आभाळाकडे. जॅनेल तिच्या शेजारी जाऊन बसली.

तिन्ही घड्याळवाले डोकी एकत्र करून उभे राहिले. मास्तरांनी तिन्ही आकडे वहीत लिहिले, मधला धरतात म्हणून त्याच्याभोवती गोल केला, वही छातीशी धरली आणि माइककडे निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दोन दिवसांत ते बरंच शिकले होते.

मिस आयोनी खुर्चीतून उठली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ते नाव पुकारतील की नाही, ते आधी मला सांगा. मग माइकवर."